दप्तर, खिचडी आणि कलम १४

आठवीच्या वर्गात विचारावं, ‘तुमच्या मूलभूत हक्काचा भंग कधी झालाय का?’ पहिला हात लगेच वर होतो. ‘बाजूचा माझं पेन न विचारता घेतो.’ दुसरा म्हणतो, आई मोबाईल देत नाही. तिसरीला तिचा दादा संध्याकाळनंतर मैत्रिणीकडे जाऊ देत नाही. तक्रारी तिन्ही खऱ्या आहेत, पण त्यातली एकही मूलभूत हक्काच्या भंगाची नाही. याच मुलांना सहा हक्कांची नावं क्रमाने पाठ असतात, कारण बालभारतीच्या सातवीच्या नागरिकशास्त्रात हक्कांवर दोन धडे होऊन गेलेले असतात. अडतं ते एवढ्यावरच, की हक्क मागायचा तो कोणाकडे, हे पाठांतरात कुठे येतच नाही.

संविधानात याचं उत्तर हक्कांच्या भागाच्या सुरुवातीलाच, कलम १२ मध्ये दिलेलं आहे. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. संसद, विधिमंडळ, सरकार, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या हातातल्या सत्तेला घातलेला तो लगाम आहे. पेन पळवणारा दोस्त किंवा मोबाईल लपवणारी आई म्हणजे राज्यसंस्था नव्हे. काही कलमं मात्र खासगी माणसालाही बांधतात. अस्पृश्यता पाळायला मनाई करणारं कलम १७, वेठबिगारीविरुद्धचं २३, बालमजुरीविरुद्धचं २४ आणि दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी सर्वांना खुली करणारं १५ (२) ही ती कलमं. महाराष्ट्रातल्या मुलांना हे शेवटचं कलम परकं वाटायला नको. त्यातलं ‘तळी’ वाचलं की १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतोच. आणि ‘दादा जाऊ देत नाही’ म्हणणाऱ्या मुलीचं काय? तिचं गाऱ्हाणं हक्कांच्या यादीत बसत नाही, पण कर्तव्यांच्या यादीत त्याला जागा आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणं हे कलम ५१-क मधलं नागरिकाचं कर्तव्य आहे, आणि दादा नागरिक आहे.

हा ‘कोणाकडे’चा प्रश्न फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. तो शाळेतल्याच एखाद्या प्रसंगात अडकलेला असावा लागतो. म्हणून काही शिक्षक प्रसंगकार्डं वापरतात. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर चाळीस ते साठ शब्दांत एक घटना आणि मागच्या बाजूला तीन प्रश्न. साधन इतकं स्वस्त आहे की कोणाला प्रस्ताव पाठवायची गरज पडत नाही. मात्र कार्ड लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. नव्याने लिहिणारा हमखास ‘दुष्ट’, ‘बिचारा’, ‘अन्यायाने’ असे शब्द पेरतो आणि मुलांना विचार करायला काही उरत नाही. कार्डात फक्त घडलेलं असावं, मत नसावं. पात्रांना आडनाव नसावं, कारण आपल्याकडे आडनावावरून जात ओळखण्यात आठवीतली मुलंही तरबेज असतात. आणि गोष्ट निर्णयाच्या अलीकडे थांबलेली असावी.

असं एक कार्ड इथे पुढे ठेवतो.

‘आठवी ब. सहलीसाठी जमा केलेले पाचशे रुपये वर्गप्रमुखाच्या कंपासपेटीतून नाहीसे झाले. वर्गशिक्षकांनी वस्तीवरून येणाऱ्या चार मुलांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांची दप्तरं टेबलावर उपडी केली. पैसे मिळाले नाहीत. मधल्या सुट्टीनंतर ते वर्गप्रमुखाच्याच भूगोलाच्या वहीत निघाले.’

मागचे तीन प्रश्न असे: कोणाचं नेमकं काय गेलं? ते कोणी केलं, आणि तसं करायचा अधिकार त्याला कोणी दिला? आता कोणाकडे जायचं?

पस्तीस मिनिटांच्या तासाला हे एक कार्ड पुरतं. पाच-पाच मुलांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला हेच कार्ड द्यायचं. दहा मिनिटं गटात बोलून झाली की शिक्षकाने फळ्यावर फक्त पहिला प्रश्न घ्यावा. बहुतेक गट आधी पाचशे रुपयांवरच बोलतात, कारण गोष्टीत ‘गेलेली’ वस्तू तीच दिसते. मग कुठल्या तरी गटातून आवाज येतो, ‘त्या चौघांची इज्जत गेली.’ तास खरा तिथे सुरू होतो. इज्जत हा शब्द संविधानाच्या पुस्तकात त्या रूपात नाही. पण प्रतिष्ठेने जगणं हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचाही त्यात समावेश केला. मुलांनी कलमाचा आकडा सांगण्याआधी शब्द स्वतःच्या तोंडाने काढला, तर आकडा नंतर चिकटतो. उलट क्रमाने तो टिकत नाही.

आता या पद्धतीतली सगळ्यात कामाची युक्ती. चर्चा जरा थंडावली की शिक्षकाने कार्डातली एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. समजा सरांनी वर्गातल्या सगळ्याच मुलांची दप्तरं एकेक करून, बाजूला नेऊन पाहिली असती तर? निम्मा वर्ग म्हणतो, मग चाललं असतं. म्हणजे बोचत होतं ते तपासणं नव्हे, चौघांनाच वेगळं काढणं. कलम १४ हेच विचारतं: वेगळं वागवलंत, त्याला कारण काय? पैसे हरवणं आणि वस्तीवर राहणं यांचा काही संबंध दाखवता येत नाही. उलट ज्याच्या पेटीतून पैसे गेले त्याच्या वह्या आधी पाहायला सबळ कारण होतं. इथे एखादी चौकस मुलगी विचारते, ‘पण सर, त्या चौघांना खरंच कोणी चोरताना पाहिलं असतं तर?’ तर मग कारण असतं, आणि उत्तर बदललं असतं. समता म्हणजे सगळ्यांना सरसकट एकच वागणूक नव्हे, हे समजावायला यापेक्षा लांब भाषण लागत नाही.

दुसरा बदल शाळेचा. जिल्हा परिषदेच्या शाळेऐवजी हीच घटना शहरातल्या विनाअनुदानित खासगी शाळेत घडली तर? मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध, मग खासगी शाळा सुटली का? मुलं इथे गोंधळतात, आणि कधीकधी शिक्षकही. उत्तर शिक्षण हक्क कायद्यात आहे. २००९च्या या कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली, आणि अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद सोडला तर ही बंदी खासगी शाळेलाही लागू आहे. संविधानाचा हात थेट पोचत नाही तिथे संसद कायदा करून तो पोचवते, हा धडा मुलांना इथे आपसूक मिळतो. आठवीचं पुस्तक त्या वर्षी संसद आणि न्यायव्यवस्था शिकवतच असतं, त्यामुळे सांधा छान जुळतो.

तिसरा बदल पोरांना आवडतो. सरांऐवजी वर्गातल्या चार दांडग्या मुलांनी ती दप्तरं उपडी केली तर? आता राज्यसंस्था नाही आणि शिक्षकही नाही. चूक आहे, पण मूलभूत हक्काचा दावा नाही. ते मुख्याध्यापकांकडे मिटवायचं प्रकरण आहे. मात्र मुख्याध्यापकांना सांगूनही त्यांनी वस्तीवरच्या मुलांची तक्रार ऐकूनच घेतली नाही, आणि शाळा जिल्हा परिषदेची असेल, तर पुन्हा कलम १४ दारात उभं राहतं. याच वळणावर पेनवाला मुलगा स्वतःहून म्हणतो, ‘म्हणजे माझं पेन त्यात येत नाही.’

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे कोणाकडे जायचं याचं, पुस्तकी उत्तर कलम ३२ आणि २२६: सर्वोच्च आणि उच्च न्यायालय. ते बरोबर आहे, पण तेरा वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग फारसा नाही. खरी वाट जवळून जाते. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात पालकांचं बहुमत असतं. तिथे भागलं नाही तर शिक्षण हक्क कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. या पायऱ्या मुलांकडून वहीत एकाखाली एक लिहून घ्याव्यात, आणि समितीतल्या पालकांची नावं शाळेच्या फलकावरून शोधून आणायला सांगावीत.

कर्तव्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे शिक्षकांचीच गफलत जास्त होते. १९५०च्या मूळ संविधानात मूलभूत कर्तव्यं नव्हती. १९७६मध्ये, आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्यं आली आणि २००२मध्ये ८६व्या दुरुस्तीने अकरावं आलं. ती न पाळल्याबद्दल संविधानात शिक्षा सांगितलेली नाही. तरीही वर्गात वाक्य ऐकू येतं, ‘आधी कर्तव्यं करा, मग हक्क मागा.’ ऐकायला रुबाबदार वाटतं, पण संविधानात असा व्यवहार कुठेही नाही. त्यासाठी हे कार्ड:

‘रोहनने सलग दोन दिवस वर्ग झाडायची पाळी चुकवली. तिसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेत त्याचं ताट बाजूला ठेवून बाई म्हणाल्या, काम नाही तर जेवण नाही.’

वर्ग सुरुवातीला बाईंच्या बाजूने असतो, आणि ते साहजिक आहे. पाळी चुकवणारा कोणालाच आवडत नाही. म्हणून आधी रोहनची चूक पूर्ण मान्य करावी. सार्वजनिक मालमत्तेची काळजी घेणं हे कर्तव्य आहे, आणि वर्ग त्यात मोडतो. मग प्रश्न टाकावा: खिचडी ही बाईंनी दिलेली बक्षिसी आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात शाळांमधून शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना ते रोज, सुट्ट्या वगळून, मोफत मिळण्याचा हक्क दिला. त्या हक्काला ‘झाडू मारल्यास’ अशी अट जोडलेली नाही. बाईंना रोहनला उद्या दोन पाळ्या देता येतात, त्याच्या पालकांना बोलावता येतं. ताट मात्र काढून घेता येत नाही.

याच कार्डाची एक उपशाखा नाजूक आहे, पण टाळू नये. झाडायची पाळी सगळ्यांना फिरून येत असेल तर ती शिस्त झाली. तीच पाळी, किंवा संडास धुण्याचं काम, दर वेळी ठरावीक घरांतल्या मुलांवर येत असेल तर प्रकरण कलम १५ आणि १७ मध्ये जातं. डॉ. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मुलांना ती जुन्या काळची गोष्ट वाटते. पाळ्यांचा तक्ता भिंतीवरून काढून मागच्या महिन्याची नावं मोजायला लावली, की ती किती जुनी आहे ते वर्गाला आपलं आपण कळतं.

हक्क आणि कर्तव्य समोरासमोर उभे राहिलेलं भारतातलं सगळ्यात शालेय प्रकरण केरळातलं आहे. त्याचं कार्ड दोन तुकड्यांत द्यावं. पहिला तुकडा असा: ‘१९८५. दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं. राष्ट्रगीताच्या वेळी ती उभी राहतात, पण गात नाहीत, कारण त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नाही. शाळेने तिघांचं नाव कमी केलं.’ इथे थांबून हात वर करून मत घ्यावं. नाव कमी केलं ते योग्य म्हणणारे हात पुष्कळ येतात, आणि त्यांना लगेच खोडू नये. ते कलम ५१-क मधलं पहिलंच कर्तव्य धरून बोलत असतात: राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर.

मग दुसरा तुकडा. भावंडं उच्च न्यायालयात हरली. सर्वोच्च न्यायालयात बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावाने प्रकरण गेलं आणि ऑगस्ट १९८६मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांनी मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. न्यायालयाने कर्तव्य नाकारलं नाही. आदराने उभं राहणं हाही आदरच, असं म्हटलं. शिवाय राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा कुठे आहे, असंही पाहिलं. शिक्षण खात्याची परिपत्रकं होती, पण अभिव्यक्तीच्या हक्कावर बंधन घालायचं तर ते कायद्याने घालावं लागतं, परिपत्रकाने नाही. आठवीतल्या मुलांना यातलं सगळं एका तासात पेलत नाही. ‘हा नियम कोणी केला आणि त्याला तसा अधिकार होता का’, हा प्रश्न मात्र पेलतो, आणि पुढचे काही दिवस शाळेतल्या प्रत्येक सूचनेला तो लावला जातो. मुख्याध्यापकांनी याची तयारी ठेवावी.

या पद्धतीत बिघडतं ते बहुतेक एकाच प्रकारे. चर्चेचा शेवट ‘सरांनी सॉरी म्हणावं’, ‘सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं’ असा होतो. तसं झालं की समजावं, तास मूल्यशिक्षणाचा झाला, नागरिकशास्त्राचा नाही. अशा वेळी दुसऱ्या प्रश्नाकडे परत जावं. दुसरा बिघाड याहून गंभीर आहे. कार्डातली घटना त्याच वर्गात नुकतीच घडलेली असते, नाव बदललेलं असलं तरी सगळ्यांना माहीत असतं, आणि चौतीस डोकी हळूच एका बाकाकडे वळतात. ज्याचं दप्तर एकदा उपडं झालं ते दुसऱ्यांदा उपडं करणारा तास घेऊ नये. घटना दुसऱ्या गावची, दुसऱ्या वर्षीची घ्यावी. एवढं करूनही एखादं मूल तास संपल्यावर थांबतं आणि स्वतःचं काहीतरी सांगतं. ते ऐकून घ्यावं, वर्गात बोलू नये. लैंगिक त्रासाचं काही असेल तर ते स्वतःपाशी ठेवायची मुभा शिक्षकाला नाही. पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक कार्डाच्या तळाशी छापायला पैसे लागत नाहीत.

मुलांना जमलंय की नाही हे पाहायला लेखी प्रश्नापेक्षा त्यांच्याकडूनच कार्डं लिहून घ्यावीत. कच्चं कार्ड लगेच ओळखू येतं. त्यात एक खलनायक असतो आणि उत्तर एका शब्दाचं असतं. जमलेल्या कार्डात दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणं असतं. गॅदरिंगला पाहुण्यांना चहा द्यायला मुलीच का, पण मुलांना खुर्च्या उचलायला लावतात त्याचं काय, अशी कार्डं येतात. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलीवरही कार्ड लिहिता येतं: तिच्याकडे भारताचं नागरिकत्व नाही, मग तिला शाळेत घ्यायचं का? घ्यायचं, कारण कलम २१-क ‘नागरिक’ म्हणत नाही, सहा ते चौदा वयाची ‘सर्व मुलं’ म्हणतं. भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ मात्र फक्त नागरिकांचं आहे. एकाच बाकावरच्या दोघींच्या हक्कांच्या याद्या थोड्या वेगळ्या निघतात, आणि हे मुलांना चांगलंच खटकतं.

वर्षाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, एक कार्ड जरूर घ्यावं. ऊसतोडीवरून आईवडिलांबरोबर परतलेली आठवीतली मुलगी. वय चौदा पूर्ण. घरचे म्हणतात, आता शाळा बास, पुढच्या हंगामाला तूही चल. मुलं पटापट कलमं काढतात आणि प्रत्येक कलम चौदाव्या वर्षापाशी अडतं. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा. पालकांचं अकरावं कर्तव्यही सहा ते चौदा. कलम २४ मधली बालमजुरीची बंदी चौदाच्या खालच्यांना. वर्गातली बहुतेक मुलं त्याच वर्षी ही रेघ ओलांडत असतात. मग शोध सुरू होतो. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. आईवडील स्थलांतरित असताना मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण आपल्या शाळेत नववीच्या मुलीला तिथे घेतात का? लग्नाचा विषय निघाला तर अठराची अट आहे. यातलं काय संविधानात आहे, काय साध्या कायद्यात, काय नुसत्या सरकारी योजनेत, असे तीन रकाने फळ्यावर आखावेत आणि पुढचं मुलांवर सोडावं. योजनेचा रकाना सगळ्यात लांब होतो. तो बंद करायला सरकारला संसदेत जावं लागत नाही, हे कोणीतरी तेवढ्यात हेरतं.